दालचिनीचं पाणी, ६२ वर्षांच्या काकू आणि २१४ ला गेलेलं एसजीपीटी: एक पूर्ण केस

ही केस सविस्तर लिहायचं कारण म्हणजे शुगरसाठी दालचिनीचं पाणी पिणारे पेशंट माझ्याकडे सारखे येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना ते काय आणि किती पितायत हे खरंच माहीत नसतं. मी डायबेटिसचे पेशंट बघणारी डॉक्टर आहे. ओळख पटू नये म्हणून काकूंचे काही तपशील बदललेत, बाकी जे घडलं त्याचा क्रम तोच ठेवलाय.

काकूंचं वय ६२, टाइप २ डायबेटिस नऊ वर्षांपासून. रोजची औषधं दोनच, मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉर्व्हास्टॅटिन २० मिग्रॅ रात्री एकदा, ही स्टॅटिनची गोळी चार वर्षांपासून चालू. दारू नाही, तंबाखू नाही, आधी कधी कावीळ झालेली नाही. पाच महिन्यांपूर्वीच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, २९ होतं म्हणजे अगदी नॉर्मल, आणि तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ८.१, म्हणजे शुगर काही धड कंट्रोलमध्ये नव्हती. तेव्हा मी औषध वाढवायचं बोलले होते पण त्यांना गोळी वाढवायची नव्हती, तीन-चार महिने खाण्यावर लक्ष देते मग बघू म्हणाल्या, आणि ते मला मान्य होतं.

पाच महिन्यांनी आल्या त्या वेगळीच तक्रार घेऊन. गेले दोन-अडीच आठवडे भूक मेलीये, सकाळी मळमळतं, अंगात त्राण नाही, उजव्या बरगडीखाली जड जड वाटतं. ताप नाही, खाज नाही, लघवीचा रंग नेहमीसारखाच. वजन ५४ वरून ५२ किलोवर आलेलं. डोळे पांढरे स्वच्छ, पोट दाबलं तर लिव्हरच्या जागी थोडं दुखलं. मेटफॉर्मिनने मळमळ होऊ शकते पण नऊ वर्षं सुरळीत घेतलेल्या गोळीने अचानक आत्ताच का व्हावी, म्हणून लिव्हर फंक्शन टेस्ट करायला सांगितली.

रिपोर्ट असा आला. एसजीपीटी २१४, लॅबची वरची मर्यादा ४०. तसंच दुसरं एन्झाइम एसजीओटी १४८. पित्ताच्या वाटेत गडबड असली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज १०८, त्याची मर्यादा १२०. काविळीत वाढणारं बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन चांगलं, रक्त नीट गोठतं का ते दाखवणारा आयएनआर १.०.

हे आकडे वाचायची एक साधी पद्धत आहे ती इथे सांगते कारण पुढचा सगळा विचार त्यावरच उभा आहे. एसजीपीटी मर्यादेच्या किती पट झालं ते काढायचं, अल्कलाइन फॉस्फटेज किती पट ते काढायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. काकूंचं एसजीपीटी ५.३५ पट, अल्कलाइन फॉस्फटेज ०.९ पट, भागाकार जवळजवळ ६. हा आकडा ५ किंवा त्याच्या वर असला की मार थेट लिव्हरच्या पेशींना बसतोय असं समजतात, २ किंवा त्याखाली असला तर गडबड पित्ताच्या वाटेत, खडा वगैरे. म्हणजे काकूंच्या लिव्हरच्या पेशी दुखावल्या जात होत्या, पण बिलिरुबिन आणि आयएनआर नॉर्मल होते म्हणजे लिव्हरचं रोजचं काम अजून नीट चालू होतं. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण पेशींना मार आणि सोबत कावीळ असं दोन्ही एकदम दिसलं की पेशंट धोक्यात आहे असं समजून लगेच ॲडमिट करायचा विचार करावा लागतो.

आता प्रश्न कशामुळे. मी विचारलं, "काकू, नवीन काही औषध, काढा, आयुर्वेदिक, प्रोटीन पावडर, काही चालू केलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही हो मॅडम, तुमच्याच दोन गोळ्या." तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या? तेही नाही. हा प्रश्न असा विचारला की उत्तर कायम नाहीच येतं, कारण घरात जे उकळून पितो त्याला कोणी औषध धरतच नाही. मग मी दुसऱ्या बाजूने गेले, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं ते सगळं क्रमाने सांगा म्हटलं, पाणीसुद्धा. तर पहिल्याच वाक्यात आलं, "उठल्या उठल्या दालचिनीचं पाणी." आणि मी लिहून घेतेय बघून लगेच पुढे, "अहो ते काय औषध थोडंच आहे, मसाल्यातलीच तर आहे ती."

मग नीट विचारत गेले. सुरुवात साधारण दहा आठवड्यांपूर्वी. पहिले तीन आठवडे सकाळी एक चमचा पावडर ग्लासभर पाण्यात उकळून. सकाळची शुगर थोडी कमी दिसली म्हणून मग संध्याकाळी पण एक ग्लास सुरू केला. म्हणजे सात आठवडे रोज दोन चमचे, आणि मळमळ सुरू झाली ती डोस दुप्पट केल्यानंतर चार-पाच आठवड्यांनी. पाणी गाळायच्या नाहीत, तळाचा गाळ पण ढवळून पिऊन टाकायच्या, फुकट कशाला घालवायचं म्हणून. पॅकेटवर नुसतं दालचिनी पावडर असं छापलेलं, कुठल्या जातीची ते कुठेच नाही.

मी त्यांना तो चमचा आणि पॅकेट घेऊन यायला सांगितलं. एक चमचा म्हणजे किती हे प्रत्येक घरात वेगळं असतं, सपाट भरला तर अडीच ग्रॅमच्या आसपास बसते आणि शीग लावली तर चार ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. घरगुती वजनकाट्यावर एक चमचा पावडर ठेवली तर काटा धड आकडा दाखवत नाही, म्हणून त्यांना नेहमी भरतात तसेच दहा चमचे एका वाटीत काढायला लावले, ते भरले ३१ ग्रॅम. म्हणजे एक चमचा ३.१ ग्रॅम, दिवसाला ६.२ ग्रॅम.

आता इथे कुमारिन येतं, दालचिनीच्या सालीत असणारं आणि जास्त झालं तर काहींच्या लिव्हरला बाधू शकणारं एक द्रव्य. दालचिनी म्हणून जी विकली जाते त्यात मुख्य दोन प्रकार. एक श्रीलंकेची, सिलोन दालचिनी, शास्त्रीय नाव सिनॅमोमम व्हेरम. दुसरी कॅसिया, यात चिनी, इंडोनेशियन, व्हिएतनामी अशा वेगवेगळ्या जाती येतात. कॅसिया स्वस्त आणि चवीला तिखट, म्हणून जातीचं नाव न लिहिलेल्या पावडरीत बहुतेकदा तीच असते. दोघींमध्ये वासाचं मुख्य द्रव्य एकच, सिनॅमाल्डिहाइड, पण कॅसियात त्याच्या जोडीला कुमारिन भरपूर असतं आणि सिलोनमध्ये अगदी नावापुरतं. कॅसिया पावडरीत सरासरी किलोला ३ ग्रॅमच्या आसपास कुमारिन धरतात, म्हणजे एका ग्रॅम पावडरीत ३ मिग्रॅ. हा सरासरीचा आकडा आहे, काही नमुन्यांत याच्यापेक्षा बरंच कमी आणि काहींत दुपटीहून जास्त सापडलंय, एकाच झाडाच्या सालीतसुद्धा खूप फरक पडतो.

काकूंचा हिशोब मग असा. ६.२ ग्रॅम गुणिले ३, म्हणजे रोज साधारण १८ ते १९ मिग्रॅ कुमारिन. आणि चालतं किती? युरोपियन फूड सेफ्टी अथॉरिटीने ठरवलेली मर्यादा आहे दर किलो वजनामागे रोज ०.१ मिग्रॅ, म्हणजे ५२ किलोच्या काकूंना ५.२ मिग्रॅ. त्या साडेतीन पट घेत होत्या, तेही आठवडेच्या आठवडे. उलटा हिशोब केला तर त्यांच्या वजनाला सरासरी कॅसिया रोज पावणेदोन ग्रॅमच्या आत बसते, म्हणजे त्यांच्याच चमच्याच्या अर्ध्याहून किंचित जास्त. जर्मनीतल्या बीएफआर या सरकारी संस्थेनेही ६० किलोच्या माणसासाठी रोज २ ग्रॅम कॅसिया हाच आकडा दिलाय आणि १५ किलोच्या मुलासाठी अर्धा ग्रॅम. हे सगळं कायम, रोज घेणाऱ्यांसाठी आहे. एखाद-दोन आठवडे कुणी तिप्पट घेतलं तरी काळजीचं कारण नाही असं युरोपियन अथॉरिटीने २००८ मध्ये स्पष्ट म्हटलंय, त्यामुळे जेवणात चिमूटभर दालचिनी पडते तिला घाबरायचं काहीच कारण नाही. भीती चमच्याने मोजून रोज प्यायची सवय लागते त्याची.

ही मर्यादा आली कुठून तेही थोडं सांगते नाहीतर साडेतीन पट म्हटल्यावर लोकांना वाटतं की हे विषच झालं. कुत्र्यांना दोन वर्षं कुमारिन देऊन ज्या डोसला लिव्हरला काही झालं नाही तो होता किलोला १० मिग्रॅ, त्याला सुरक्षिततेसाठी १०० ने भागून ०.१ काढलाय. म्हणजे मर्यादा ओलांडली की लगेच लिव्हर बिघडतं असं नाही, राखून ठेवलेलं अंतर तेवढं कमी होतं. बहुतेक माणसं काकूंइतकं कुमारिन घेऊनसुद्धा ठणठणीत राहतील. अडचण त्या थोड्या लोकांची आहे ज्यांचं लिव्हर कुमारिन वेगळ्या वाटेने फोडतं. नेहमीची वाट अशी की सीवायपी२ए६ नावाचं लिव्हरमधलं एन्झाइम कुमारिनला ७-हायड्रॉक्सीकुमारिन बनवतं, ते निरुपद्रवी आणि लघवीतून निघून जातं. काही जणांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, मग जास्तीचं कुमारिन दुसऱ्या वाटेला लागतं आणि तिथे तयार होणारे पदार्थ पेशींना बाधू शकतात. अशी माणसं ओळखायची रोजच्या वापरातली सोपी टेस्ट नाहीये, आणि एन्झाइम मंद असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही. कुमारिन पूर्वी औषध म्हणूनही दिलं जायचं, लिम्फचा अडथळा येऊन हातपाय सुजतात त्यासाठी, बऱ्याच मोठ्या डोसमध्ये. बहुतेकांना काही झालं नाही, थोड्यांचं लिव्हर मात्र बिघडलं, आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि फ्रान्समध्ये ते औषध बंद केलं गेलं. माणसांवरचा हा अनुभव नसता तर कुत्र्यांच्या प्रयोगावर मी इतका भर दिला नसता.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. कुमारिन म्हटलं की लोकांना रक्त पातळ करायचं औषध वॉर्फरिन आठवतं आणि दालचिनी रक्त पातळ करते असं पसरतं. वॉर्फरिन कुमारिनच्याच घराण्यातलं आहे पण दालचिनीतलं साधं कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही. तरीपण वॉर्फरिन घेणाऱ्यांनी रोज दालचिनीचं पाणी पिऊ नये असंच मी सांगते, कारण लिव्हरमध्ये थोडी जरी गडबड झाली तरी वॉर्फरिनचा डोस हलतो.

परत काकूंकडे. दालचिनीवर बोट ठेवून मोकळं होणं सोपं होतं पण औषधाने किंवा जडीबुटीने लिव्हरला झालेली इजा हे निदान नेहमी बाकीचं सगळं वगळूनच करावं लागतं, त्यासाठी एकच एक अशी रक्ताची टेस्ट नाही. म्हणून हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई चारही तपासले, निगेटिव्ह. ऑटोइम्यून हिपॅटायटिससाठी एएनए, निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडा नाही, पित्तनळी फुगलेली नाही, फक्त लिव्हरमध्ये थोडी चरबी. ही चरबी डायबेटिसमध्ये खूप जणांना असते आणि एसजीपीटी ५०, ६०, ८० असं बरीच वर्षं थोडं वाढलेलं ठेवते, पण पाच महिन्यांपूर्वी २९ असलेलं एसजीपीटी २१४ ला नेणं हे नुसत्या चरबीचं काम वाटत नाही. हे जुने रिपोर्ट फार उपयोगी पडतात, काकूंनी फाइल सांभाळून ठेवली होती म्हणून हा फरक इतका ठळक दिसला.

उरला खरा अवघड संशयित, ॲटॉर्व्हास्टॅटिन. स्टॅटिनने एसजीपीटी वाढू शकतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. चार वर्षं त्याच डोसवर, दरवर्षी नॉर्मल रिपोर्ट, मग अचानक, हे कमी शक्य पण अशक्य नाही. आणि तिसरी शक्यता अशी की दोन्ही मिळून. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक केस प्रसिद्ध केली होती, ७३ वर्षांची बाई, जास्त डोसचं स्टॅटिन चालू होतं, वरून दालचिनीच्या सप्लिमेंट सुरू केल्या आणि आठवड्याभरातच पोटदुखी, उलट्या, जुलाब आणि हिपॅटायटिस. दोन्ही बंद केलं, बरी झाली, मग स्टॅटिन परत सुरू केलं आणि काही त्रास झाला नाही. एका केसवरून नियम बनत नाही पण माझ्यासमोर जे होतं त्याच्याशी ती इतकी जुळत होती की पुढे काय करायचं याचा रस्ता तिथून मिळाला.

दालचिनीचं पाणी त्याच दिवशी बंद. एसजीपीटी तीन पटीच्या वर असल्याने ॲटॉर्व्हास्टॅटिन पण तात्पुरतं थांबवलं. यात एक तोटा होता, दोन्ही एकदम थांबवलं तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही, पण त्रास होत असलेल्या पेशंटवर असला शोध घेत बसणं मला पटत नाही, तो प्रश्न स्टॅटिन परत सुरू करताना सुटणारच होता. मेटफॉर्मिन चालू ठेवलं कारण ते लिव्हरला सहसा बाधत नाही आणि काकूंचं बिलिरुबिन, आयएनआर, किडनी सगळं नॉर्मल होतं, फक्त सांगून ठेवलं की उलट्या सुरू झाल्या, पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर गोळी थांबवायची आणि लगेच फोन करायचा. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, खूप झोप यायला लागली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल, हे त्यांच्या मुलीला पण समजावून सांगितलं कारण शेवटची दोन लक्षणं पेशंटला स्वतःला कळत नाहीत.

एका आठवड्याने एसजीपीटी १७१. मळमळ कमी. तीन आठवड्यांनी ८६, भूक परत आलेली. सात आठवड्यांनी ३७. पेशींना मार बसलेला असतो तेव्हा कारण काढून टाकलं की एसजीपीटी साधारण महिन्याभरात निम्म्याच्या खाली यावं अशी अपेक्षा असते आणि ते तीन आठवड्यांतच आलं.

मधल्या काळात काकूंशी खरी चर्चा झाली ती शुगरवर. त्यांचं म्हणणं होतं की मॅडम पण शुगर तर कमी झाली होती ना. वही आणली होती त्यांनी, सकाळची उपाशीपोटी शुगर दालचिनीच्या आधी १६० च्या घरात आणि नंतर १४० च्या घरात. हे खोटं नव्हतं. पण त्याच दरम्यान एचबीए१सी ८.१ वरून ७.९ झालं होतं, एवढा फरक लॅबच्या मोजमापातच पडू शकतो. वही नीट चाळली तर दिसलं की दालचिनी सुरू केली त्याच आठवड्यात त्यांनी चहातली साखर बंद केली आणि संध्याकाळी चालायला सुरुवात केली, आणि सगळ्यात कमी आकडे शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतले होते, म्हणजे नेमके भूक मेली, खाणं अर्ध्यावर आलं आणि वजन उतरलं तेव्हाचे. आजारी पडून कमी खाल्लं तरी शुगर खाली येते. मला जास्त काळजी वाटली ती या गोष्टीची की हे आकडे बघून त्या संध्याकाळची मेटफॉर्मिन सोडायच्या विचारात होत्या.

अभ्यासांचं पण असंच आहे. २००३ मध्ये पाकिस्तानात टाइप २ च्या ६० पेशंटवर एक अभ्यास झाला, रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम कॅसिया, ४० दिवस, आणि उपाशीपोटी शुगर १८ ते २९ टक्के कमी आली. दालचिनीची सगळी हवा झाली ती बरीचशी यातूनच. पण त्यात एचबीए१सी मोजलंच नव्हतं. नंतर २०१२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने दहा अभ्यास एकत्र करून बघितले, एकूण ५७७ लोक, त्यात दालचिनीचा ठोस फायदा दिसला नाही. २०१३ च्या दुसऱ्या एका एकत्रित विश्लेषणात उपाशीपोटी शुगर साधारण २५ पॉइंटने कमी दिसली पण एचबीए१सीत काही खास फरक नाही. अभ्यास छोटे, डोस वेगवेगळे, दालचिनी वेगवेगळी. माझं मत असं की थोडाफार परिणाम कदाचित असेल, पण तीन महिन्यांची सरासरी ज्याने हलत नाही त्याच्यावर भरवसा ठेवून गोळी पुढे ढकलू नये, आणि आकडा खाली यावा म्हणून कॅसियाचे चमचे तर अजिबात वाढवू नयेत.

मग मुलीने विचारलं, गाळून प्यायलं असतं तर? पावडरऐवजी अख्खी काडी उकळली तर? कुमारिन गरम पाण्यात चांगलं विरघळतं, गाळल्याने गाळ जातो पण पाण्यात उतरलेलं कुमारिन पाण्यातच राहतं, आणि असं प्यायलेलं कुमारिन शरीरात सहज शोषलं जातं. काडीतून पावडरीपेक्षा कमी उतरेल हे खरं, पण किती कमी ते काडी किती जाड, किती वेळ उकळली यावर अवलंबून, घरी मोजायची काही सोय नाही. म्हणून गाळून पितो त्यामुळे सेफ आहे असं कोणी म्हटलं तर मी त्यावर विसंबत नाही, हिशोब पूर्ण पावडरीचाच धरते.

पुढच्या वेळी त्या दोन प्रकारच्या काड्या घेऊन आल्या आणि ते बरंच झालं, कारण काडी हातात असली की फरक डोळ्यांना दिसतो. एक काडी जाड, कडक, गडद लालसर तपकिरी, सालीचा एकच जाड थर आणि दोन्ही कडा आत गुंडाळलेल्या, हाताने मोडायला जोर लागला आणि मोडली तेव्हा कट्कन आवाज आला. ती कॅसिया. दुसरी फिकट बदामी, कागदासारख्या पातळ पातळ साली एकात एक घालून गच्च भरलेल्या, आडवी बघितली तर आत थरच थर, आणि दोन बोटांत दाबली तर चुरा झाला. ही सिलोन. वास पण हलका, गोडसर. एकदा पावडर झाली की मात्र हा फरक संपला, रंगावरून, वासावरून खात्री देता येत नाही, लॅबमध्येच कळतं. त्यामुळे ज्याला रोज घ्यायचीच आहे त्याने ओळखता येईल अशी सिलोनची काडी घ्यावी आणि घरी दळावी, किंवा निदान सिनॅमोमम व्हेरम असं स्पष्ट छापलेलं पॅकेट घ्यावं. सिलोनने कुमारिनचा प्रश्न जवळजवळ मिटतो, शुगर कमी होईलच याची गॅरंटी मात्र तीही देत नाही. आणि ज्यांना आधीच लिव्हरचा आजार आहे, जे रोज दारू घेतात, टीबीची औषधं किंवा मेथोट्रेक्सेट घेतात, त्यांनी कॅसियाचं रोजचं पाणी सरळ टाळावं, तिथे चमचे मोजत बसायला नको.

काकूंना सिलोनची पण परवानगी मी तेव्हा दिली नाही. लिव्हर नुकतंच सावरलं होतं आणि अजून स्टॅटिनचा निकाल लागायचा होता, मध्ये दुसरं काही नको होतं. आठव्या आठवड्यात ॲटॉर्व्हास्टॅटिन १० मिग्रॅवर परत सुरू केलं. चार आठवड्यांनी एसजीपीटी ३१. मग २० वर नेलं, परत सहा आठवड्यांनी तपासलं, ३३. म्हणजे एकट्या स्टॅटिनवर, आधीच्याच डोसला, लिव्हर शांत होतं.

कॅसिया परत देऊन एसजीपीटी वाढतंय का हे बघितलं असतं तर निदान पक्कं झालं असतं, पण लिव्हरला एकदा इजा केलेली गोष्ट मुद्दाम परत देणं धोक्याचं असतं, दुसऱ्या वेळी प्रतिक्रिया जास्त जोरात येऊ शकते, म्हणून तो प्रश्नच नव्हता. त्यांच्या पावडरीतलं कुमारिन लॅबमध्ये मोजलेलं नाही, माझा १८-१९ चा आकडा सरासरीवरून काढलेला आहे, खरा याच्या निम्मा असू शकतो किंवा दुप्पटही. म्हणून फाइलमध्ये मी लिहिलंय, दालचिनीमुळे लिव्हरला इजा, बहुधा. खात्रीने असं लिहिलेलं नाही. सोबत स्टॅटिनचा हातभार होता का हे पूर्णपणे नाकारता येत नाही हेही लिहिलंय, आणि ॲलर्जीच्या रकान्यात लाल शाईने कॅसिया दालचिनीचे काढे, कॅप्सूल, पाणी देऊ नये असं, म्हणजे पुढे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेल्या तरी त्यांना दिसेल.

शुगरसाठी शेवटी दुसरी गोळी जोडली. संध्याकाळचं चालणं आणि बिनसाखरेचा चहा त्यांनी सोडला नाही. चार महिन्यांनी एचबीए१सी ७.२ आलं, एसजीपीटी २८. पुढची लिव्हर टेस्ट आता सहा महिन्यांनी.